परिपाठातील तीन मिनिटे आणि पंढरपूरचे दार

प्रश्न: मी चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत दोन वर्षांपासून मराठी शिकवते. आषाढीच्या आदल्या दिवशी आमची बालदिंडी निघते. त्याआधी परिपाठात आठवीच्या एका मुलीला तीन मिनिटांचे भाषण करायचे आहे. मुख्याध्यापकांनी विषय दिला आहे, ‘समाजसुधारणेच्या चळवळीचे स्मरण आजही का आवश्यक आहे?’ मी लिहिलेल्या मसुद्यात फुले, शाहू, आंबेडकर, कर्वे, गाडगेबाबा अशी नावांची रांग लागली आहे आणि शेवटी ‘आजच्या पिढीने आदर्श घ्यावा’ असे आले आहे. मुलीलाच तो कंटाळवाणा वाटतो. काय बदलावे?

उत्तर:

अमळनेर तालुक्यात मी एकतीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला. परिपाठासाठी मुलांना भाषणे लिहून देण्यात त्यातला किती वेळ गेला, याचा हिशेब आता लागणार नाही. आपल्या मसुद्यासारखे मसुदे मीही बरीच वर्षे लिहीत होतो, त्यामुळे त्याचे दुखणे कोठे आहे हे मला ओळखता येते. माहिती कमी आहे असे मुळीच नाही. अडचण ‘आजही’ या शब्दाची आहे. आपण इतिहास आधी सांगून संपवतो आणि मग शेवटच्या चार ओळींत ‘आज’ चिकटवतो. तो चिकटवलेला भाग उपदेशच होणार, कारण त्याच्याआधी जे सांगितले त्यातून तो निघालेला नसतो. मुलीला कंटाळा येतो तो बहुधा याच जागी, आणि तिचे बरोबर आहे.

म्हणून माझा सल्ला असा की पाच सुधारकांऐवजी एकच चळवळ घ्यावी, त्या चळवळीतलाही एकच प्रसंग घ्यावा, आणि तो असा असावा की त्याचे उत्तरार्धातले पाऊल आपोआप शाळेच्या पटांगणात पडेल. आपल्याकडे दिवस दिंडीचा आहे आणि शाळा खानदेशातली आहे, तेव्हा निवड जवळजवळ ठरलेलीच आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरप्रवेशाची चळवळ घ्या. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी त्यासाठी पंढरपुरात उपोषण सुरू केले आणि १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. गुरुजी जन्माने कोकणातल्या पालगडचे असले तरी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालय सांभाळत होते. ‘खरा तो एकचि धर्म’ ही प्रार्थना आपल्या शाळेत म्हणत असतील तर ती त्यांचीच आहे, हे मुलांना सांगून पाहा. अनेकांना ते ठाऊक नसते.

या निवडीला तारखांचीही एक सोय आहे. उपोषणाचे दिवस उन्हाळी सुट्टीत येतात, गुरुजींची ११ जूनची पुण्यतिथीही शाळा उघडण्याआधी येते, त्यामुळे शाळेत त्यांची आठवण निघते ती थेट २४ डिसेंबरच्या जयंतीला, आणि तेव्हा ती आई आणि संस्कार यांच्यापुरती राहते. मंदिरप्रवेशाचा विषय दिंडीच्या दिवशी निघाला तर तो जागेवर बसतो, कारण मुलांच्या हातात त्या वेळी टाळ असतात.

आता भाषणात नेमके काय सांगायचे याकडे येतो, कारण याच प्रसंगावर मी एकदा चुकलेलो आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी सातवीतल्या एका मुलाला याच विषयावर भाषण लिहून दिले होते. त्यातले मुख्य वाक्य असे होते, ‘साने गुरुजींनी अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश मिळवून दिला.’ मुलाने ते खणखणीत आवाजात म्हटले, टाळ्या मिळाल्या. मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गातला एक मुलगा माझ्यापाशी आला आणि त्याने विचारले, ‘सर, मग तवा आमच्या लोकांनी काहीच केलं नव्हतं का?’ त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखर माहीत करून घ्यायचे होते. मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही, आणि माझ्या वाक्याने काय केले होते ते मला तेव्हा दिसले. त्या वाक्यात एक माणूस देणारा होता आणि बाकीचे सगळे घेणारे होते. पटांगणात बसलेल्या काही मुलांना मी सर्वांसमक्ष, कौतुकाच्या सुरात, घेणाऱ्यांच्या रांगेत बसवले होते.

तेव्हापासून मी या विषयावरील प्रत्येक मसुद्यातली क्रियापदे आधी तपासतो. ‘प्रवेश दिला’, ‘उद्धार केला’, ‘जवळ केले’, ‘माणसात आणले’ अशी क्रियापदे दिसली की ती काढतो. त्यांच्या जागी ‘हक्क मागितला’, ‘सत्याग्रह केला’, ‘नियम मोडावा लागला’, ‘मान्य करावे लागले’ अशी क्रियापदे येतात, आणि ती आली की वाक्याचा कर्ता कोण हे पुन्हा ठरवावे लागते. हा केवळ भाषेचा सोवळेपणा नाही. कर्ता बदलला की इतिहासही अधिक खरा होतो.

कारण पंढरपूरच्या आधी नाशिक आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला सुरुवात झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याचे नेते होते, नाशिकची आघाडी दादासाहेब गायकवाड यांनी सांभाळली आणि हजारो स्त्रीपुरुष त्यात उतरले. हा लढा सुमारे पाच वर्षे चालला आणि तरीही दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर त्यांच्या चळवळीचे लक्ष मंदिरावरून निघून शिक्षण, राजकीय हक्क आणि पुढे धर्मांतर यांकडे गेले. म्हणजे १९४७ साली गुरुजी पंढरपुरात बसले तेव्हा आंबेडकरी चळवळीतल्या अनेकांना मंदिरात जाण्याची फारशी ओढ उरलेली नव्हती. मग त्या उपोषणाचे महत्त्व कोणाला उद्देशून होते? माझ्या समजुतीप्रमाणे ते आतल्यांना उद्देशून होते. ज्यांना दार आधीपासून उघडे होते, त्यांना गुरुजी विचारत होते की हे तुम्हाला चालते कसे. हे सर्व तीन मिनिटांत मावणार नाही आणि आठवीच्या मुलीने ते सांगूही नये. पण आपल्याला ते माहीत हवे. भाषणानंतर एखादे सहकारी नक्की विचारतील की बाबासाहेबांनी तर मंदिराचा नाद सोडला होता, मग हे कशाला. त्यांना उत्तर देता आले पाहिजे, आणि शक्य तर ते उत्तर वादाच्या सुरात नसावे.

दुसरी गोष्ट दौऱ्याची. उपोषणाचा विचार गुरुजींनी १९४६ मध्येच बोलून दाखवला होता. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांनी तो पुढे ढकलला आणि १९४७ च्या सुरुवातीचे काही महिने महाराष्ट्रभर फिरून सभा घेतल्या. राष्ट्र सेवा दलाची तरुण मंडळी त्यांच्यासोबत होती. पंढरपूरचे दार उघडण्याआधीच या दौऱ्यात ठिकठिकाणच्या गावांनी आपापली मंदिरे आणि पाणवठे सर्वांना खुले केले. नंतर त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. मुलांच्या मनात सहसा असे असते की पूर्वी वाईट होते, मग कायदा झाला आणि चांगले झाले, जणू ऋतू बदलला. दौऱ्याचा तपशील हा समज मोडतो. कायद्याआधी कोणीतरी गावोगाव जाऊन लोकांच्या तोंडावर बोलले होते. ‘आजही का’ या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथे आहे. चळवळ विसरली की बदल आपोआप झाला असे वाटू लागते, आणि आपोआप झालेल्या गोष्टीसाठी कोणी काही करत नाही. पण हे वाक्य मुलीच्या तोंडी घालू नका. ते आपण समजून घेण्यासाठी आहे. भाषणात ते प्रसंगातून दिसले पाहिजे.

एवढे लक्षात घेऊन एक मसुदा देतो. साधारण तीन मिनिटांचा आहे. ध्वनिक्षेपकावर, मोकळ्या पटांगणात, आषाढातल्या वाऱ्यात आठवीची मुलगी मिनिटाला ऐंशी ते नव्वदपेक्षा जास्त शब्द स्पष्ट बोलू शकत नाही, असा माझा अनुभव आहे. वर्गात ती याहून वेगाने बोलते आणि आपण त्यावरून अंदाज बांधून फसतो. भाषण अडीचशे शब्दांच्या आसपासच ठेवावे.

‘थोड्या वेळाने आपली दिंडी निघेल. कोणाच्या डोक्यावर तुळस असेल, कोणाच्या हातात टाळ असतील. कोणी कोठे उभे राहायचे हे बाईंनी उंचीप्रमाणे ठरवले आहे.

आपल्या जिल्ह्यातून, मुक्ताईनगरहून, मुक्ताईंची पालखी निघते आणि महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. तेथे विठ्ठलाच्या देवळासमोर, पायरीपाशी, संत चोखामेळा यांची समाधी आहे. ती देवळाच्या आत नाही, बाहेर आहे. ज्या जातींना तेव्हा अस्पृश्य मानले जाई, त्यांतील वारकरी पंढरपूरपर्यंत चालत येत आणि त्या समाधीपाशी थांबत. त्यांना पुढे जाण्यास बंदी होती. सगळ्यांइतकेच चालून आलेल्या माणसांना शेवटची काही पावले चालू दिली जात नव्हती.

ही बंदी आपोआप उठली नाही. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासोबत हजारो लोकांनी सत्याग्रह केला. तो पाच वर्षे चालला. ते दार तेव्हा उघडले नाही, पण प्रश्न सगळ्या महाराष्ट्राला ऐकू गेला. १९४७ साली साने गुरुजी गावोगाव फिरले आणि १ मे रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. १० मे रोजी विठ्ठलाचे देऊळ सर्वांसाठी उघडण्याचे मान्य झाले.

मला यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. साने गुरुजींना त्या देवळात जायला कोणीच अडवले नव्हते. त्यांच्यासाठी दार उघडेच होते. तरी ते बाहेर बसले.

आज पंढरपूरच्या रांगेत देऊळ सर्वांचे आहे. पण दार काही देवळालाच असते असे नाही. आम्ही मधल्या सुट्टीत डबा खायला गोल करून बसतो. हे भाषण तयार करताना मी आठवडाभर मोजले. पाचही दिवस आमच्या गोलात त्याच चौघी होतो. हा गोल कोणी ठरवला, हे आम्हा चौघींपैकी एकीलाही सांगता आले नाही.’

येथे भाषण संपते. ‘धन्यवाद’ म्हणायचे असेल तर म्हणू द्या, पण त्याआधी एक श्वास थांबायला सांगा. आपला हात शेवटी ‘म्हणून मित्रांनो’ लिहायला शिवशिवेल, आणि मुख्याध्यापकही कदाचित म्हणतील की संदेश कोठे आहे. माझा आग्रह आहे की तो लिहू नये. डब्याच्या गोलाचे वाक्य ऐकून मुले एकमेकांकडे पाहतात. पुढे उपदेश आला की त्यांना सुटका मिळते, कारण उपदेशाकडे दुर्लक्ष करण्याची सवय त्यांना चांगली आहे.

मसुद्यातल्या काही जागा मुद्दाम अशा ठेवल्या आहेत, त्यांची कारणे सांगतो म्हणजे आपल्याला त्या बदलता येतील. पहिल्या परिच्छेदात ‘उंचीप्रमाणे’ हा शब्द आहे. दिंडीत जागा ठरवण्याचा तो एक निरुपद्रवी नियम आहे, आणि दुसऱ्या परिच्छेदात येणारा नियम त्याच्याशेजारी ठेवला की न सांगता फरक कळतो. आपल्याकडे उंचीप्रमाणे रांग लावत नसतील तर जे खरे असेल ते लिहा. मुले अशा बाबतीत फार काटेकोर असतात आणि पहिल्याच ओळीत खोटे सापडले की पुढचे ऐकत नाहीत. ‘अस्पृश्य’ हा शब्द एकटा न येता ‘मानले जाई’ यासह आला आहे, तो तसाच राहू द्या. जुन्या लेखांत त्या काळी रूढ असलेला ‘हरिजन’ हा शब्द सापडेल. तो भाषणात घेऊ नये, कारण ज्यांच्यासाठी तो वापरला गेला त्यांनीच तो नाकारला आहे. नाशिकचा सत्याग्रह तीन वाक्यांत आटोपला आहे, पण तो काढून जागा वाचवण्याचा मोह टाळा. तो काढला की भाषण पुन्हा एका थोर माणसाचे चरित्र होते. यासाठी एक सोपी कसोटी मी वापरतो. मसुद्यातून मुख्य व्यक्तीचे नाव झाकून वाचायचे. उरलेल्या मजकुरात काहीच घडत नसेल तर आपण चळवळीवर लिहिलेले नाही, जयंतीचे भाषण लिहिले आहे.

गोल मोजण्याची गोष्ट मात्र मुलीने खरोखर केली पाहिजे. तिने मोजले आणि दररोज वेगळ्या मुली निघाल्या, तर ते वाक्य बदलावे लागेल, आणि बदलावेच. माझ्या एका विद्यार्थिनीने डब्याऐवजी कबड्डीचे संघ निवडताना शेवटी कोणाचे नाव उरते ते आठवडाभर पाहिले होते. दुसऱ्या एकाने पाण्याच्या टाकीपाशी कोण कोणाला पेला देतो ते पाहिले, आणि त्याला काहीच वावगे आढळले नाही. त्याने भाषणात तेच सांगितले, की मी पाहिले आणि मला तसे काही दिसले नाही, मात्र पाहण्याआधी मला ते माहीत नव्हते. ते भाषण मला फार आवडले होते.

एक धोका येथे आहे आणि तो मोठा आहे. मुलीला वाटेल की शेवट अधिक परिणामकारक करावा, म्हणून ती म्हणेल, ‘आज मी दिंडीत अमुक मुलीचा हात धरणार आहे’ किंवा ‘आजपासून मी तिला आमच्या गोलात घेणार आहे’. हे कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नका. ज्या मुलीचे नाव घेतले, किंवा नाव न घेताही जी सर्वांना कळली, तिला त्या दिवशी पटांगणात उभे राहणे अशक्य होते. माझ्या त्या जुन्या वाक्याने जे केले तेच हे अधिक जवळून करते. बोलणाऱ्याने फक्त स्वतःच्या गोलाबद्दल बोलावे. दुसऱ्याला आत घेण्याची भाषा करू नये.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे त्याबद्दल. चोपडा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. आपल्या वर्गात पावरा, भिल्ल, तडवी मुले असतील, मुस्लिम मुले असतील. त्यांच्यातल्या कितीतरी घरांत पंढरीची वारी नाही. त्यांना विठ्ठलाच्या देवळाची गोष्ट परकी वाटू शकते. म्हणूनच मसुद्यात भक्तीचे वर्णन जवळजवळ नाही, चालण्याचे आहे. शेवटी गोष्ट देवळातून डब्याकडे जाते ती याचसाठी, कारण डबा सर्वांचा असतो. तरीही आपल्या शाळेत अशी मुले बहुसंख्य असतील तर मी देऊळ सोडून पाणी घेईन. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारो लोकांनी ओंजळीने पाणी प्यायले, हा प्रसंग सांगायला कोणत्याही देवाची ओळख लागत नाही. फक्त तो दिंडीच्या दिवशी न ठेवता मार्चमध्ये ठेवावा, तेव्हा शाळा भरलेली असते आणि उन्हामुळे पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

गावात नुकताच जातीवरून काही वाद झालेला असेल, तर मी हे भाषण पुढे ढकलेन. ते म्हणणे चुकीचे म्हणून नव्हे. अशा वेळी भाषण मुलीचे राहत नाही, तिच्या आडनावाचे होते. मोठ्यांच्या भांडणाचे ओझे आठवीच्या मुलीने उचलू नये. ‘परिपाठात जातीचा विषय नको’ अशी भीती मुख्याध्यापकांना वाटत असेल तर त्यांना राज्यघटनेचे प्रास्ताविक दाखवा. ते आपण परिपाठात म्हणतोच, आणि त्यात दर्जाची समानता आहे. त्या शब्दाचा एक प्रसंग सांगितला, एवढेच हे भाषण आहे. माझ्या अनुभवात एवढे पुरते. न पुरले तर निदान चर्चा तरी होते.

तयारीबद्दल एकच पद्धत सांगतो, कारण तीच मला उपयोगी पडली. मसुदा मुलीच्या हातात लगेच देऊ नका. आधी तिला पूर्ण प्रसंग साध्या गप्पांत सांगा आणि घरी जाऊन आजीला किंवा आईला, घरच्या बोलीत, अहिराणीत सांगायला सांगा. ‘इठोबाना देऊळमा काही लोकेसले जावाले बंदी व्हती’ असे ती सांगू लागली की आजी मध्येच विचारणार, कोणी बंदी केली होती, मग ते लोक काय करायचे, तो गुरुजी कोण. या प्रश्नांची उत्तरे देताना गोष्ट तिची होते. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून प्रमाण मराठीत ऐका आणि मगच मसुदा द्या. असे केल्यास ती एखादे वाक्य विसरली तरी थांबत नाही, कारण पुढे काय घडले हे तिला माहीत असते. सरळ पाठ करणारी मुले एक शब्द निसटला की पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात, आणि तीन मिनिटांची पाच होतात. कधी कधी आजीच आपल्या लहानपणीच्या गावातले काही सांगते. ते भाषणात घ्यायचे का, हे घरच्यांना विचारूनच ठरवावे.

आवाजाबद्दल एवढेच की वक्तृत्व स्पर्धेचा आवेश काढून टाकावा. मुलगी हात हवेत फेकू लागली, ‘दार’ शब्दावर ओरडू लागली, की समजावे तिला अर्थ दिसेनासा झाला आहे. तेव्हा तिला पटांगणाच्या मध्यभागी उभे न करता समोर तीन मैत्रिणी बसवून सांगायला लावा. आवाज आपोआप खाली येतो. तारखा मात्र शब्दांत लिहून द्या, ‘एकोणीसशे सत्तेचाळीस’ असे, कारण आकडा पाहून मुले अडखळतात. ‘तरी ते बाहेर बसले’ या वाक्यानंतर मनात तीन अंक मोजायला सांगा. त्या तीन अंकांत मागच्या रांगेतली कुजबुज थांबली तर भाषण पोहोचले असे मी धरतो. टाळ्यांवरून काही कळत नाही, त्या शिक्षकांनी खूण केली की पडतात.

भाषणानंतर मुले प्रश्न विचारतील, निदान एक तरी. बहुधा तो ‘आता चोखोबांची समाधी आत घेतली का’ असा असतो. उत्तर असे की समाधी तेथेच, पायरीपाशी आहे, आणि आज आत जाणारे वारकरी तिच्यापुढे वाकतात. दुसरा प्रश्न ‘गुरुजी मेले असते तर’ असा असतो. त्याला मी खरे तेच सांगतो, की त्यांनी ती तयारी ठेवली होती आणि त्यामुळे त्यांच्या जवळच्या माणसांचा जीव टांगणीला लागला होता. उपोषण हे शस्त्र प्रत्येकाने उगारावे असे नाही, हेही त्याच वेळी सांगितलेले बरे. आठवीतल्या एका मुलाने सहलीसाठी डबा न खाण्याचा प्रयोग आमच्याकडे केला होता आणि दुपारपर्यंत तो टिकला.

दिंडी भाषणानंतर लगेच निघणार असेल तर मधे निदान पाच मिनिटे मोकळी ठेवा, घोषणा किंवा सूचना लगेच सुरू करू नका. मुलगी ध्वनिक्षेपक ठेवून रांगेत परत जाईल तेव्हा तिच्या उंचीच्या जागेवरच उभी राहील ना, तेवढे पाहा. भाषण केले म्हणून तिला पुढे पालखीपाशी आणण्याची घाई कोणीतरी करेलच.